दोन ओळी पलीकडची तीन घरं

घोडा अडीच घरं चालतो, हे बुद्धिबळ कधी न खेळलेल्या माणसालाही माहीत असतं. हीच चाल सुडोकूच्या चौकटीत आणली की अँटी-नाइट सुडोकू तयार होतं. नेहमीचे नियम तसेच राहतात: प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या स्तंभात आणि नऊ घरांच्या प्रत्येक चौकोनात १ ते ९ एकेकदा. वर फक्त एक अट येते. एखाद्या घरातून घोडा एका उडीत जिथे पोचू शकतो, तिथे तोच आकडा येता कामा नये. चौकटीत घोडा कुठेही काढलेला नसतो. प्रत्येक आकडाच घोडा असतो आणि तो आपल्यासारख्याच दुसऱ्या घोड्यापासून अंतर राखून उभा असतो.

मला हा प्रकार सुडोकूच्या इतर सगळ्या प्रकारांपेक्षा जास्त आवडतो. यात बेरजा नाहीत, बाण नाहीत, रंगीत रेषा नाहीत. छापलेली चौकट पाहिली तर ते साधंच सुडोकू वाटतं, फक्त दिलेले आकडे कमी असतात. सोडवायला बसल्यावर मात्र लक्षात येतं की एक आकडा लिहिला की त्याचा परिणाम साध्या सुडोकूपेक्षा फार वेगळ्या जागी जाऊन पडतो. तो परिणाम नेमका कुठे पडतो आणि तो डोळ्यांना चटकन कसा दिसावा, यावरच हा लेख आहे.

घरांची नावं सोयीची करून घेऊ. ५-३ म्हणजे वरून पाचवी ओळ, डावीकडून तिसरा स्तंभ. पहिला आकडा नेहमी ओळीचा, दुसरा स्तंभाचा.

साध्या सुडोकूत कुठल्याही घरात आकडा लिहिला की तो आकडा इतर २० घरांतून बाद होतो: ओळीतली आठ, स्तंभातली आठ आणि चौकोनातली उरलेली चार. चौकटीचा कोपरा असो वा मध्यभाग, हे २० बदलत नाहीत. घोड्याची अट आली की ही समानता संपते. अगदी मधलं घर घ्या, ५-५. तिथून घोडा आठ घरांत जातो: ३-४, ३-६, ७-४, ७-६, ४-३, ६-३, ४-७ आणि ६-७. ही आठही घरं त्या चौकोनाच्या बाहेर आहेत, म्हणजे आठही नव्यानं बाद. २० ची २८ झाली. आता वरचा डावा कोपरा घ्या, १-१. तिथून घोड्याला दोनच उड्या आहेत, २-३ आणि ३-२. दोन्ही त्याच चौकोनात येतात, जिथे तो आकडा आधीच बंद होता. कोपऱ्यातल्या आकड्याला घोड्याच्या अटीतून काहीच मिळत नाही.

बाकीची घरं या दोन टोकांच्या मध्ये येतात. संपूर्ण चौकटीत घोड्याच्या उडीनं जोडलेल्या घरांच्या २२४ जोड्या आहेत. त्यातल्या ७२ एकाच चौकोनाच्या आत पडतात, त्यांचा उपयोग नाही. उरलेल्या १५२ जोड्या हाच या प्रकाराचा सगळा नवा माल. एका घराला सरासरी चारहूनही कमी नवी बंदी मिळते. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण या बंदीचं वाटप सारखं नाही. ती मधल्या भागात दाट आहे आणि कडेला विरळ होत जाते. म्हणून अँटी-नाइट सुडोकू समोर आलं की मी सगळ्यात भरलेली ओळ शोधत नाही. चौकोनांच्या मध्यावर आणि मधल्या चौकोनाच्या आसपास कोणते आकडे बसलेत ते आधी बघते.

आता पाहण्याच्या पद्धतीकडे येऊ. नवीन माणूस आठ उड्या एकेक करून मोजतो: दोन वर एक डावीकडे, दोन वर एक उजवीकडे, आणि असंच पुढे. आठ सुटी घरं लक्षात ठेवणं डोळ्यांना जड जातं, आणि बहुतेक वेळा एक-दोन राहूनच जातात. त्यापेक्षा सोपी गोष्ट अशी की ही आठ घरं सुटी नाहीतच. ५-५ पासून दोन ओळी वर जा, तिसऱ्या ओळीत. तिथे ३-४ आणि ३-६ घोड्यानं बंद केली. त्यांच्या मधलं ३-५ तर स्तंभ एकच असल्यामुळे आधीच बंद होतं. म्हणजे ३-४, ३-५, ३-६ ही सलग तीन घरं बंद. खाली सातव्या ओळीत तसंच. डावीकडे तिसऱ्या स्तंभात ४-३, ५-३, ६-३, उजवीकडे सातव्या स्तंभात ४-७, ५-७, ६-७. आकड्याच्या चारही बाजूंना, बरोबर दोन घरांच्या अंतरावर, तीन-तीन घरांच्या आडव्या-उभ्या पट्ट्या. पट्टीचं मधलं घर साध्या नियमानं जातं आणि दोन टोकं घोड्यानं.

ही पट्टी एकदा दिसायला लागली की मोजणं थांबतं. आणि दुसरी, जास्त महत्त्वाची गोष्टही दिसते. ५-५ ची वरची पट्टी ३-४, ३-५, ३-६ म्हणजे वरच्या मधल्या चौकोनाची अख्खी तळओळ आहे. तिथे तो आकडा येणारच नाही, म्हणजे तिसऱ्या ओळीतला तो आकडा वरच्या डाव्या किंवा वरच्या उजव्या चौकोनात गेला पाहिजे. पट्टी चौकोनाच्या ओळीशी जुळली की एका आकड्याची खबर दोन चौकोन पलीकडे पोचते. चौकोनाच्या मधल्या स्तंभात बसलेला कुठलाही आकडा हे करतो. तो ४-५ ला असेल तर वरच्या चौकोनाची दुसरी ओळ बंद होते, ५-५ ला असेल तर तिसरी. आकडा चौकोनाच्या बाजूच्या स्तंभात असेल तर पट्टी दोन चौकोनांत विभागली जाते आणि तिचा जोर कमी होतो. बंद घरं किती, यापेक्षा ती कुठे एकत्र आली आहेत हे बघायला मी इथूनच शिकले.

एक उदाहरण घेऊ. समजा चौकटीत ५ हा आकडा दोनच ठिकाणी दिला आहे: ५-५ आणि १-२. वरच्या मधल्या चौकोनात ५ कुठे येईल?

साध्या सुडोकूत पाचवा स्तंभ बाद, पहिली ओळ बाद. उरतात २-४, २-६, ३-४ आणि ३-६. चार जागा, पुढे काही सांगता येत नाही. घोड्याची अट लावल्यावर ५-५ च्या पट्टीनं तिसरी ओळ गेली, म्हणजे ३-४ आणि ३-६ संपले. राहिले २-४ आणि २-६. आता १-२ कडे पाहा. तिथून एक ओळ खाली आणि दोन स्तंभ उजवीकडे उडी मारली की घोडा २-४ वर उतरतो. तेही गेलं. ५ चा पत्ता लागला: २-६.

इथे थांबू नका, कारण या प्रकारात एक आकडा बसला की लगेच त्याची पट्टी पाहायची असते. पहिल्या ओळीचा ५ डाव्या चौकोनात, दुसऱ्या ओळीचा मधल्या चौकोनात, म्हणून उजव्या चौकोनात तो तिसऱ्या ओळीतच येणार. २-६ ची उजवीकडची पट्टी १-८, २-८, ३-८ अशी आहे. तिनं ३-८ बंद केलं. राहिले ३-७ आणि ३-९. खालच्या मधल्या चौकोनात ५-५ च्या पट्टीनं सातवी ओळ आधीच बंद आहे, पाचवा स्तंभही बंद, आणि २-६ मुळे सहावा स्तंभही गेला. उरतात ८-४ आणि ९-४, दोन्ही चौथ्या स्तंभात. डावीकडच्या मधल्या चौकोनात तिसरा स्तंभ ५-५ नं बंद केला, दुसरा १-२ नं. ५ पहिल्या स्तंभात, ४-१ किंवा ६-१. मग तिसऱ्या स्तंभाचा ५ खालच्या डाव्या चौकोनात येणं भागच आहे. दोन दिलेल्या आकड्यांवरून सगळ्या चौकटीत ५ ची बैठक जवळपास ठरली. साध्या सुडोकूत हेच दोन आकडे एवढं काही सांगत नाहीत.

माझी आई रोज सकाळी वर्तमानपत्रातलं सुडोकू पेनानं सोडवते. तिच्यासमोर हा प्रकार ठेवला तेव्हा तिनं दोन प्रश्न विचारले, आणि नव्यानं सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला तेच पडतात असं माझ्या पाहण्यात आलं आहे.

पहिला प्रश्न: “अगं, मधे दुसरे आकडे भरलेले असले तर घोडा अडणार नाही का?”

“नाही गं आई, घोडा उडी मारून जातो. मधे काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. चौकोनाची जाड रेघ मधे आली तरी अडत नाही.”

हे जाड रेघेचं खरोखर सांगावं लागतं. सुडोकूची सवय असलेला डोळा चौकोनाच्या कडेला आपोआप थांबतो. इतकी वर्षं त्या रेघेनं ‘इथे हा विभाग संपला’ असंच सांगितलेलं असतं. घोड्याचा सगळा उपयोग मात्र रेघेच्या पलीकडेच आहे. रेघेच्या आत पडलेली उडी फुकट जाते.

दुसरा प्रश्न जास्त मोलाचा होता. “आणि हे खोडलेलं घर बरोबर घोड्याचंच आहे, हे कसं कळायचं? तिरकं मोजताना गडबड होते.” याचं उत्तर बुद्धिबळाच्या पटाकडे आहे. घोडा प्रत्येक उडीला रंग बदलतो, पांढऱ्यावरून काळ्यावर किंवा काळ्यावरून पांढऱ्यावर. सुडोकूच्या घरांना रंग नसतो, पण ओळ आणि स्तंभ यांची बेरीज तेच काम करते. ५-५ ची बेरीज १०, सम. तिथून घोडा जिथे जाईल तिथली बेरीज विषमच असणार: ३-४ ची ७, ६-७ ची १३. तुम्ही ३-३ खोडलं असेल तर बेरीज ६, सम, म्हणजे उडी चुकली. तुम्ही घोडा न चालवता उंट चालवलात. अँटी-नाइट सोडवताना होणाऱ्या चुकांत ही सगळ्यात जास्त दिसते: दोन घरं वर गेल्यावर एक बाजूला जाण्याऐवजी दोन बाजूला जाणं. चूक झाल्याचं लगेच कळत नाही. बऱ्याच पुढे कुठल्या तरी चौकोनात एका आकड्याला एकही जागा उरत नाही, तेव्हा कळतं. तोपर्यंत त्या चुकीवर दहा-बारा आकडे उभे राहिलेले असतात आणि ती कुठे झाली ते शोधता येत नाही. म्हणून शंका आली की बेरीज तिथल्या तिथे करून बघायची.

आता ज्या कोड्यामुळे हा प्रकार जगभर पोचला त्याकडे येते. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत, ‘क्रॅकिंग द क्रिप्टिक’ या ब्रिटिश यूट्यूब वाहिनीवर सायमन अँथनी यांनी मिचेल ली यांनी रचलेलं एक कोडं सोडवलं. ते ‘मिरॅकल सुडोकू’ म्हणून ओळखलं जातं. त्यात ८१ घरांपैकी दोनच भरलेली होती. साध्या सुडोकूचं एकच उत्तर यायचं असेल तर किमान १७ आकडे द्यावे लागतात, हे २०१२ मध्ये गॅरी मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर सगळ्या शक्यता तपासून दाखवलं. दोन आकड्यांत भागतं याचं कारण म्हणजे उरलेली माहिती नियमांतच भरलेली आहे. नेहमीच्या नियमांशिवाय त्यात तीन अटी आहेत. घोड्याच्या उडीवर तोच आकडा नको. राजाच्या चालीवर, म्हणजे एकमेकांना टेकलेल्या तिरक्या घरांतही, तोच आकडा नको. आणि बाजूबाजूच्या किंवा वरखालच्या घरांत क्रमानं लागून येणारे आकडे, जसे १ आणि २, नकोत.

दिलेले आकडे असे: ५-३ ला १, आणि ६-७ ला २. एवढंच.

१ पासून सुरुवात करू. ५-३ ची उजवीकडची पट्टी पाचव्या स्तंभात पडते: ४-५, ५-५, ६-५. म्हणजे मधल्या चौकोनाचा मधला स्तंभ अख्खा बंद. पाचवी ओळ साध्या नियमानं बंद. ४-४ आणि ६-४ ही घरं ५-३ ला तिरकी टेकलेली नाहीत असं पहिल्या नजरेत वाटतं, पण तिसऱ्या स्तंभाच्या शेजारी चौथाच आहे, आणि राजा तिथे एका पावलात पोचतो. तीही गेली. मधल्या चौकोनात १ साठी दोनच जागा राहिल्या: ४-६ आणि ६-६. ६-६ च्या शेजारी ६-७ ला २ बसलाय आणि १ त्याला लागून चालत नाही. म्हणून १ येतो ४-६ ला. दोन आकडे असलेल्या चौकटीतला हा तिसरा आकडा, आणि तो सापडायला मोठी गणितं लागली नाहीत. एक पट्टी, दोन तिरकी घरं आणि एक शेजार.

पुढे उजवीकडचा मधला चौकोन. चौथ्या आणि पाचव्या ओळीचे १ बसले, म्हणून इथे सहावी ओळ. ६-७ ला २ आहे, ६-८ त्याला लागून आहे, राहिलं ६-९. तिसरा १ झाला.

आता जे होतं ते या कोड्यातलं माझं सगळ्यात आवडतं ठिकाण आहे. तिसऱ्या ओळीकडे बघा. तिथे अजून एकही आकडा नाही, आणि कुठल्याही चौकोनात १ ची जागा सरळ सापडत नाही. पण तिसऱ्या ओळीत १ कुठे कुठे बंद झालाय ते मोजा. ५-३ ची वरची पट्टी तिथेच पडते, तिनं ३-२, ३-३, ३-४ नेली. ४-६ च्या वरचं ३-६ स्तंभानं गेलं, ३-५ आणि ३-७ राजाच्या चालीनं गेली. ४-६ ची उजवीकडची पट्टी आठव्या स्तंभात आहे, तिचं वरचं टोक ३-८. ६-९ मुळे नववा स्तंभ बंद, म्हणजे ३-९ गेलं. नऊ घरांपैकी आठ संपली आणि राहिलं ३-१. तिथे १.

ही ओळ अशी उपाशी का पडली, ते जरा थांबून पाहण्यासारखं आहे. तिसरी ओळ चौकोनांच्या सीमेवर आहे, आणि मधल्या पट्ट्यातल्या चौकोनांत बसलेल्या आकड्यांचा परिणाम आधी सीमेवर पडतो. पाचव्या ओळीतल्या आकड्याची वरची पट्टी बरोबर तिसऱ्या ओळीत आणि खालची सातव्या ओळीत. चौथ्या ओळीतल्या आकड्याच्या बाजूच्या पट्ट्यांची वरची टोकं पुन्हा तिसऱ्या ओळीत, सहाव्या ओळीतल्या आकड्याच्या पट्ट्यांची खालची टोकं सातव्या ओळीत. म्हणून अँटी-नाइट सोडवताना एखादा आकडा मधल्या तीन ओळींत दोन-तीनदा बसला की मी त्या आकड्यासाठी तिसरी आणि सातवी ओळ तपासते, मग त्या ओळी कितीही रिकाम्या दिसोत. उभं पाहताना तेच तिसऱ्या आणि सातव्या स्तंभाचं. साध्या सुडोकूत भरलेल्या जागेकडे बघायची सवय असते. इथे रिकाम्या ओळीकडे बघावं लागतं.

सातव्या ओळीत हे लगेच पटतं. ५-३ ची खालची पट्टी: ७-२, ७-३, ७-४ बंद. ३-१ ला १ बसल्यामुळे पहिला स्तंभ बंद, ७-१ गेलं. ४-६ मुळे सहावा स्तंभ, ७-६ गेलं. ६-९ मुळे ७-९ गेलं, राजाच्या चालीनं ७-८ गेलं, आणि ६-९ ची डावीकडची पट्टी ५-७, ६-७, ७-७ अशी आहे, तिच्या खालच्या टोकानं ७-७ नेलं. उरलं ७-५. तिथे १.

या नव्या १ च्या उजवीकडच्या पट्टीत ८-७ येतं. खालच्या उजव्या चौकोनात १ साठी आधीच फक्त ८-७, ९-७ आणि ९-८ राहिले होते, कारण ८-८ वर ६-९ चा घोडा पोचतो. आता ८-७ गेलं, म्हणून तिथला १ नवव्या ओळीत येणार. मग खालच्या डाव्या चौकोनात नववी ओळ चालणार नाही. तिथे पहिला आणि तिसरा स्तंभ बंद, ७-२ बंद, राहिलं ८-२. सहावा १.

इथे १ थांबतो. वरच्या मधल्या चौकोनात १-४ किंवा २-४, वरच्या उजव्यात १-७, १-८ किंवा २-८, खालच्या उजव्यात ९-७ किंवा ९-८. या तीन चौकोनांची बैठक तीन प्रकारे लागू शकते आणि तिन्हींत घोडा, राजा, ओळ, स्तंभ सगळे समाधानी आहेत. घोड्याची अट कितीही बळकट असली तरी ती एकाच आकड्याच्या दोन प्रतींमध्ये लागते. १ आणि २ मध्ये ती काहीच बोलत नाही. त्यामुळे एका आकड्याचं काम कधीतरी संपतं आणि दुसऱ्या आकड्याकडे जावं लागतं, हे या पद्धतीचं बंधन आहे. अशा जागी अंदाजानं आकडा लिहून बघायचा मोह होतो. तो टाळावा. तिन्ही शक्यता बारीक अक्षरात कोपऱ्यात लिहून ठेवाव्यात आणि पुढच्या आकड्याकडे वळावं.

पुढच्या आकड्याकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगायची राहिली. आत्तापर्यंत आपण बसलेल्या आकड्यापासून बाहेर पाहत होतो. पण आकडा अजून बसलाच नसेल, दोन घरांपैकी एकात येणार एवढंच ठरलं असेल, तरी घोडा काम करतो. समजा वरच्या मधल्या चौकोनात ७ हा ३-४ किंवा ३-६ मध्येच येणार आहे. ४-४ कडे पाहा. ७ जर ३-४ ला आला तर ४-४ स्तंभानं बाद. ३-६ ला आला तर तिथून एक खाली दोन डावीकडे, घोडा ४-४ वर. काहीही झालं तरी ४-४ मध्ये ७ नाही. त्याच कारणानं ४-६ मध्येही नाही. आणि ५-५ ला तर दोन्ही घरांतून घोडा पोचतो. तीन घरं बाद झाली, एकही ७ न लिहिता. अवघड अँटी-नाइट कोडी बहुतेक याच जोरावर उभी असतात, त्यामुळे ‘दोनच जागा उरल्या’ हे लक्षात आलं की त्या दोन्ही घरांतून जिथे पोचता येतं अशी घरं शोधायला हवीत. मी यासाठी दोन्ही घरांच्या पट्ट्या मनात काढते आणि त्या कुठे एकमेकींना छेदतात ते पाहते.

आता २. तो ६-७ ला दिलेला आहे. मधल्या चौकोनात सहावी ओळ बंद. घोडा ४-६ आणि ५-५ वर पोचतो, तेही बंद, आणि ४-६ ला तर १ बसलाच आहे. ५-६ राजाच्या चालीनं गेलं. ४-५ हे ४-६ मधल्या १ ला लागून आहे, ५-४ हे ५-३ मधल्या १ ला लागून. २ ला १ चा शेजार चालत नाही. राहिलं ४-४, तिथे २. मग डावीकडच्या मधल्या चौकोनात २ पाचव्या ओळीत यायला हवा. ५-३ ला १, ५-२ त्याला लागून, म्हणून ५-१ ला २.

आणि पुन्हा सातवी ओळ. ४-४ च्या स्तंभानं ७-४ गेलं, ७-५ ला १ बसलाय. ७-६ आणि ७-८ ला ६-७ मधला २ तिरका टेकतो, ७-७ त्याच्याच स्तंभात आहे, ७-९ वर त्याचा घोडा उतरतो. उरला डावा कोपरा: ७-१ हे ५-१ च्या स्तंभात गेलं, आणि ५-१ ची खालची पट्टी, चौकटीच्या कडेमुळे दोनच घरांची, ७-२ लाही घेऊन गेली. सातव्या ओळीचा २ म्हणजे ७-३.

दोन आकड्यांच्या चौकटीत आता दहा आकडे आहेत, आणि तिसऱ्या ओळीत २ साठी ३-८ आणि ३-९ एवढीच घरं उघडी आहेत.